सवलत भावंडाची, भुर्दंड उशिराचा
पाळणाघराचे माहितीपत्रक वाचताना महिन्याच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

शाळांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होत असले, तरी पाळणाघरांतील जागांसाठी पालकांची शोधाशोध मार्च-एप्रिलपासूनच सुरू होते. घराजवळची दोन-तीन पाळणाघरे पाहिली जातात, ताई आणि मावशी मायाळू आहेत का, स्वयंपाकघर स्वच्छ आहे का, दाराला कडी-कुलूप नीट आहे का, याची खातरजमा होते आणि शेवटी प्रश्न येतो तो पैशांचा. त्या वेळी बहुतेक पालक एकच आकडा विचारतात, तो म्हणजे महिन्याचे शुल्क. माहितीपत्रकाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत आणखी तीन ओळी असतात. नोंदणी शुल्क, भावंडांसाठी सवलत आणि मुलाला नेण्यास उशीर झाल्यास आकारले जाणारे जादा शुल्क. दोन मुले एकाच पाळणाघरात ठेवणाऱ्या कुटुंबाचा वर्षाचा हिशेब या तीन ओळींमुळे वीस-वीस हजार रुपयांनी बदलू शकतो आणि महिन्याचे शुल्क कमी असलेले पाळणाघर प्रत्यक्षात महाग ठरू शकते.

शाळांच्या शुल्कावर नियंत्रण ठेवण्यासाठी महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. नुसते पाळणाघर ही शाळा नव्हे. त्यामुळे त्याचे शुल्क किती असावे, सवलत कशी द्यावी, उशिराचे किती घ्यावेत, हे ठरवून देणारी यंत्रणा नाही. संचालक आणि पालक यांच्यात जे ठरेल तेच खरे. म्हणूनच काय ठरले आहे, हे पालकाला प्रवेशाच्या दिवशीच नेमके कळणे आवश्यक ठरते.

नोंदणी शुल्क वेगळे, अनामत वेगळी

प्रवेशाच्या वेळी महिन्याच्या शुल्काव्यतिरिक्त जी रक्कम घेतली जाते, तिला सर्रास ‘डिपॉझिट’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या दोन वेगवेगळ्या रकमा असू शकतात. नोंदणी शुल्क हे जागा राखून ठेवणे, मुलाची माहिती, लसीकरणाची नोंद व ओळखपत्रे तयार करणे, काही ठिकाणी अंथरूण-पांघरूण किंवा दप्तर देणे यांसाठी असते आणि ते परत मिळत नाही. अनामत ही पालकांचीच रक्कम असते. मूल पाळणाघर सोडते तेव्हा ती परत मिळते किंवा अखेरच्या महिन्याच्या शुल्कात वळती होते. पावतीवर यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे, यावर पुढचा सारा वाद अवलंबून असतो. ‘प्रवेशाच्या वेळी भरलेली रक्कम’ असे मोघम लिहिलेले असेल, तर सोडण्याच्या वेळी पालक तिला अनामत समजतात आणि संचालक नोंदणी शुल्क.

नोंदणी शुल्काबाबत दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ते एकदाच भरायचे की दरवर्षी? काही ठिकाणी प्रत्येक जूनमध्ये ‘नूतनीकरण’ म्हणून तीच रक्कम पुन्हा घेतली जाते. दुसरा, ते प्रत्येक मुलामागे की कुटुंबामागे? धाकट्या भावंडाचा प्रवेश होतो तेव्हा घरचा पत्ता, आई-वडिलांचे दूरध्वनी, ने-आण करणाऱ्यांची छायाचित्रे हे सारे पाळणाघराकडे आधीच असते. त्यामुळे दुसऱ्या मुलासाठी नोंदणी शुल्क माफ किंवा निम्मे करण्याची विनंती अवाजवी ठरत नाही आणि पुष्कळ संचालक ती मान्य करतात. महिन्याच्या शुल्कात घासाघीस करण्यापेक्षा ही मागणी मान्य होणे सोपे असते. कारण त्यात संचालकांचे एकदाच होणारे नुकसान असते, दर महिन्याचे नव्हे.

अनामतीच्या बाबतीत कळीची अट असते ती पूर्वसूचनेची. बहुधा एक महिना आधी लेखी कळवल्यासच अनामत परत मिळते. ही सूचना तोंडी दिलेली चालत नाही आणि काही ठिकाणी ती महिन्याच्या पहिल्या तारखेलाच द्यावी लागते. १० तारखेला दिलेली सूचना पुढच्या महिन्यापासून धरली गेली, तर पालकाला जवळजवळ दोन महिन्यांचे शुल्क भरावे लागते.

सवलत नेमकी कशावर?

भावंड-सवलतीची टक्केवारी माहितीपत्रकावर ठळक छापलेली असते. ती कोणत्या रकमेवर मोजायची, हे मात्र पुष्कळदा छापलेले नसते. येथे तीन पद्धती आढळतात. पहिलीत दोन्ही मुलांच्या एकत्रित शुल्कावर सवलत मिळते. दुसरीत ‘दुसऱ्या मुलाच्या’ शुल्कावर मिळते. तिसरीत ज्या मुलाचे शुल्क कमी आहे, त्याच्या शुल्कावर मिळते. दुसरी आणि तिसरी पद्धत सारखीच वाटते. पण त्यांत फरक आहे. पाळणाघरात धाकट्या मुलाचे शुल्क सहसा थोरल्यापेक्षा जास्त असते. दीड वर्षाच्या बाळाला भरवावे लागते, लंगोट बदलावे लागतात, झोपवावे लागते. शिवाय ते दिवसभर तेथेच असते. चार-पाच वर्षांचे मूल शाळेतून दुपारी येते आणि स्वतःच्या हाताने जेवते. तेव्हा ‘दुसरे मूल’ म्हणजे नंतर प्रवेश घेतलेले धाकटे मूल असा अर्थ घेतला, तर सवलत मोठ्या रकमेवर मिळते. कमी शुल्काचे मूल असा घेतला, तर लहान रकमेवर.

याशिवाय सवलत केवळ सांभाळण्याच्या शुल्कावर असते. जेवण-नाश्त्याचे पैसे, रिक्षा किंवा व्हॅनचे भाडे, नोंदणी शुल्क आणि उशिराचे शुल्क यांवर ती सहसा लागू होत नाही. पाळणाघराने जेवणासह एकच आकडा सांगितला असेल, तर सवलत त्या पूर्ण आकड्यावर आहे की जेवण वजा करून, हे विचारून घ्यावे. वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यास जी वेगळी सवलत जाहीर केलेली असते, ती भावंड-सवलतीबरोबर मिळते की दोहोंपैकी एकच घ्यायची, हाही प्रश्न त्यातच येतो.

ही सवलत केव्हा संपते, हा मुद्दा पालकांच्या लक्षात उशिरा येतो. दोन्ही मुले एकाच वेळी पाळणाघरात असतील तोवरच ती मिळते. थोरले मूल पहिलीत गेले, शाळेची वेळ वाढली आणि त्याने पाळणाघर सोडले, की त्या महिन्यापासून धाकट्याचे शुल्क पूर्ववत होते. त्यामुळे थोरल्याचे पाळणाघर बंद केल्याने होणारी बचत त्याच्या शुल्काइतकी नसते. बंद झालेली सवलत तीतून वजा करावी लागते. याच्या उलट, मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि थोरले मूल दिवसभर पाळणाघरात राहते. त्या महिन्यात त्याला पूर्ण दिवसाचे शुल्क लागते. वाढीव शुल्कावरही सवलत मिळणार का, हे आधी ठरले नसेल तर मे महिन्याचे बिल पाहून पालकांना धक्का बसतो.

उशीर कसा मोजतात?

तिसरी ओळ सर्वांत छोटी आणि सर्वांत महागडी असते. ‘वेळेनंतर दर १५ मिनिटांस १०० रुपये’ असे त्यात लिहिलेले असते. या एका वाक्यात चार गोष्टी अध्याहृत राहतात.

पहिली म्हणजे सवलतीची मिनिटे. पाळणाघर सात वाजता बंद होत असेल, तर बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा मिनिटांकडे दुर्लक्ष केले जाते. पण ही मिनिटे उलटल्यानंतर मोजणी कोठून सुरू होते? सात वाजल्यापासून की सात वाजून दहा मिनिटांपासून? वीस मिनिटे उशीर झालेल्या पालकाचा पहिल्या पद्धतीने वीस मिनिटांचा, म्हणजे १५ मिनिटांचे दोन टप्पे धरून २०० रुपयांचा हिशेब होतो. दुसऱ्या पद्धतीने तो दहा मिनिटांचा, म्हणजे एका टप्प्याचा, १०० रुपयांचा होतो.

दुसरी गोष्ट टप्प्याची. सुरू झालेला टप्पा पूर्ण धरला जातो. सोळावे मिनिट लागले की दुसऱ्या टप्प्याचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. तिसरी गोष्ट घड्याळाची. वेळ पाळणाघराच्या भिंतीवरच्या घड्याळावरून धरणार, की दारातील नोंदवहीत पालकाने सहीसमोर लिहिलेली? नोंदवहीत वेळ लिहून सही करण्याची पद्धत असेल, तर महिनाअखेरीस वाद राहत नाही. ती नसेल तर पालकाने मुलाला घेतल्याबरोबर भ्रमणध्वनीवरून पाळणाघराला ‘मुलांना घेतले’ असा लघुसंदेश पाठवण्याची सवय ठेवावी. त्यावर वेळेची नोंद आपोआप राहते.

चौथी आणि दोन मुलांच्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे शुल्क मुलामागे आहे की कुटुंबामागे. उशीर एका पालकाला झालेला असतो. पण मुले दोन असल्याने शुल्क दुप्पट होते. भावंड-सवलतीतून जे मिळाले, ते येथे हातोहात निघून जाते.

एक हिशेब

उदाहरणादाखल डोंबिवलीतील एका नोकरदार जोडप्याचा हिशेब मांडून पाहता येईल. त्यातील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. दीड वर्षाचे धाकटे मूल पूर्ण दिवस आणि साडेचार वर्षांचे थोरले शाळा सुटल्यानंतर, अशी दोन मुले पाळणाघरात ठेवायची आहेत. मुलांना आणण्याची जबाबदारी ज्या पालकावर आहे, त्याचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. कुर्ल्याहून ठरलेली जलद लोकल मिळाली, तर पाळणाघर बंद होण्यापूर्वी पोहोचता येते. हुकली तर वीस मिनिटांचा उशीर होतो. दोन्ही पाळणाघरे संध्याकाळी सातला बंद होतात आणि अनामत कोणीच घेत नाही, असे धरू.

पहिल्या पाळणाघराचे धाकट्यासाठी ९,००० आणि थोरल्यासाठी ६,००० रुपये शुल्क आहे. भावंड-सवलत २० टक्के. मात्र ती कमी शुल्काच्या मुलावर आहे. नोंदणी शुल्क प्रत्येक मुलामागे ३,००० रुपये असून ते दरवर्षी भरावे लागते. उशिराचे शुल्क दर १५ मिनिटांस प्रत्येक मुलामागे १०० रुपये आहे. दहा मिनिटांची मुभा असली, तरी ती उलटल्यावर मोजणी सातपासूनच होते.

दुसऱ्या पाळणाघराचे शुल्क अनुक्रमे ९,५०० आणि ६,३०० रुपये, म्हणजे दोन्ही मुलांचे मिळून ८०० रुपयांनी जास्त आहे. सवलत निम्मीच, म्हणजे १० टक्के. पण ती एकत्रित शुल्कावर आहे. नोंदणी शुल्क कुटुंबामागे एकदाच ४,००० रुपये आणि उशिराचे शुल्क दर अर्ध्या तासास कुटुंबामागे १५० रुपये आहे.

प्रथमदर्शनी पहिले पाळणाघर स्वस्त वाटते. शुल्क कमी आणि सवलत दुप्पट. प्रत्यक्षात तेथील २० टक्के हे ६,००० रुपयांवरचे, म्हणजे १,२०० रुपये आहेत. एकूण १५,००० रुपयांच्या मानाने ही सवलत ८ टक्केच भरते. दुसरीकडील १० टक्के सवलत १५,८०० रुपयांवर असल्याने ती १,५८० रुपयांची आहे. सवलत वजा जाता पहिल्या पाळणाघरात महिन्याला १३,८०० आणि दुसऱ्यात १४,२२० रुपये भरावे लागतात. वर्षाचे शुल्क आणि नोंदणी धरून पहिल्याचा खर्च १,७१,६०० रुपये आणि दुसऱ्याचा १,७४,६४० रुपये होतो. पहिल्या वर्षी पहिले पाळणाघर ३,०४० रुपयांनी स्वस्त ठरते. दुसऱ्या वर्षी शुल्क तेवढेच राहिले, तर पहिल्याचा खर्च तितकाच राहतो. दुसऱ्यात नोंदणी पुन्हा भरायची नसल्याने तो १,७०,६४० रुपयांवर येतो आणि पारडे ९६० रुपयांनी फिरते.

येथपर्यंत फरक किरकोळ आहे. आता उशीर हिशेबात घ्यावा. आठवड्यातून दोनदा लोकल हुकली आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटे उशीर झाला, तर महिन्यातून आठ वेळा जादा शुल्क लागेल. पहिल्या पाळणाघरात प्रत्येक वेळी दोन टप्पे आणि दोन मुले, म्हणजे ४०० रुपये. महिन्याचे ३,२०० आणि वर्षाचे ३८,४०० रुपये. भावंड म्हणून मिळालेली १,२०० रुपयांची सवलत तिसऱ्या उशिरालाच संपते. दुसऱ्या पाळणाघरात प्रत्येक वेळी १५०, महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये होतात. एकूण खर्च पहिल्यात २,१०,००० आणि दुसऱ्यात १,८९,०४० रुपये भरतो. माहितीपत्रकावर स्वस्त दिसणारे पाळणाघर २०,९६० रुपयांनी महाग पडते.

हा कल नेमका केव्हा बदलतो, हेही काढता येते. प्रत्येक उशिरामागे दोन पाळणाघरांत २५० रुपयांचा फरक आहे आणि पहिल्या वर्षी पहिले पाळणाघर ३,०४० रुपयांनी स्वस्त आहे. त्यामुळे वर्षात बारा वेळांपर्यंत उशीर झाला, तर पहिले परवडते. तेराव्या वेळेपासून दुसरे. म्हणजे महिन्यातून एकदा होणारा उशीरही निर्णय बदलण्यास जवळजवळ पुरेसा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने लोकलचे वेळापत्रक कोलमडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

उशीर नेहमीचाच असेल, तर त्याचे पैसे दंड म्हणून भरत राहण्यापेक्षा वेळच वाढवून घेणे शहाणपणाचे ठरते. अनेक पाळणाघरे साडेसात किंवा आठपर्यंतची वाढीव वेळ महिन्याच्या ठरावीक रकमेत देतात. वरच्या उदाहरणात पहिल्या पाळणाघराने अर्ध्या तासाच्या वाढीव वेळेसाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपये घेतले, तरी महिन्याला १,२०० रुपये होतात आणि ३,२०० रुपयांच्या तुलनेत २,००० रुपये वाचतात. शिवाय थोरल्या मुलासमोर रोज घड्याळाकडे पाहत दार उघडणाऱ्या ताईची नाराजीही टळते. आजी-आजोबा किंवा शेजारी मुलांना घेऊन जाणार असतील, तर त्यांची नावे प्रवेशअर्जात आधीच लिहून छायाचित्रासह द्यावी लागतात. ऐन वेळी दूरध्वनीवर सांगून पाठवलेल्या व्यक्तीच्या ताब्यात मूल न देणारे पाळणाघर आपले कर्तव्यच बजावत असते.

जादा शुल्क कशासाठी?

उशिराच्या शुल्काकडे केवळ पैसे उकळण्याचा मार्ग म्हणून पाहणे मात्र अन्यायाचे होईल. पाळणाघराचा सर्वांत मोठा खर्च जागेचे भाडे आणि माणसांचे पगार हा असतो. संध्याकाळी सात वाजता एकच मूल उरले, तरी जबाबदार पाळणाघर त्याला एकट्या मावशीवर सोपवत नाही. निदान दोघी थांबतात. त्यांपैकी एकीला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, दुसरीची ठरलेली शेअर रिक्षा निघून गेलेली असते. या अर्ध्या तासाची किंमत पालकाने मोजावी, हे रास्तच आहे. ते पैसे थांबणाऱ्या मावशींपर्यंत पोहोचतात की संचालकांच्याच खात्यात राहतात, हे पालकाने एकदा विचारून पाहावे. त्या उत्तरावरून पाळणाघर कसे चालते, याचा बराच अंदाज येतो.

याच तर्काने पाहिले तर मुलामागे आकारणी करण्याला फारसा आधार उरत नाही. एका मुलासाठी ज्या दोघी थांबतात, त्याच दोघी दोन भावंडांसाठीही थांबतात. दिवे आणि पंखेही तेच असतात. खर्च वाढत नसताना शुल्क दुप्पट का, हा प्रश्न पालकाने सौम्य शब्दांत विचारावा. दोन मुलांच्या पालकाला प्रवेशाच्या वेळी एकच सूट मागायची असेल, तर टक्केवारी वाढवून मागण्यापेक्षा उशिराचे शुल्क कुटुंबामागे करून घेणे अधिक फायद्याचे ठरू शकते, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच.

संचालकांच्या बाजूनेही एक धडा आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत वीस आठवडे निरीक्षण केले. त्यांचा शोधनिबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले चार आठवडे केवळ उशिरा येणाऱ्या पालकांची नोंद घेण्यात आली. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून अधिक उशिरासाठी प्रत्येक मुलामागे १० शेकेल दंड लावण्यात आला. तेथे महिन्याचे शुल्क सुमारे १,४०० शेकेल होते. उशीर कमी होईल अशी अपेक्षा असताना तो वाढत गेला आणि उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. सतराव्या आठवड्यात दंड रद्द केला, तरी ती पूर्वीच्या पातळीवर आली नाही. उरलेल्या चार पाळणाघरांत असा बदल दिसला नाही.

आधी उशीर होई तेव्हा पालकाला संकोच वाटत असे. आपल्यामुळे कोणीतरी ताटकळत आहे, याची टोचणी असे. दंड लागताच ती टोचणी गेली. दंड ही किंमत झाली, किंमत मोजली की सेवा विकत मिळते, असा समज झाला आणि ती किंमत फारच थोडी होती. आपल्याकडील संचालकांनी यातून घ्यायचा बोध असा की, नाममात्र रक्कम ठेवण्याने कोणाचाच फायदा होत नाही. वर्षातून दोन-तीन वेळा होणारा उशीर विनाशुल्क सोडून द्यावा आणि वारंवार उशीर करणाऱ्या पालकांना खर्च भरून निघेल अशा दरात वाढीव वेळ द्यावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार, करारभंगासाठी एखादी रक्कम करारातच लिहून ठेवलेली असली, तरी ती सरसकट वसूल करता येत नाही. त्या मर्यादेत वाजवी ठरेल एवढीच भरपाई मागता येते. अवास्तव दंडाविरुद्ध हा आधार आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. करारात ‘दंड’ न लिहिता ‘सातनंतरच्या वेळेचा दर’ असे लिहिले असेल, तर तो सेवेचा ठरलेला मोबदला आहे, असे पाळणाघर म्हणू शकते. हैफामध्ये पालकांच्या मनात जो बदल झाला, तोच येथे कागदावर होतो. म्हणून सही करताना या शब्दाकडे लक्ष द्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून पाळणाघराविरुद्ध तक्रार करता येते. नियमाप्रमाणे पावती न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड लादणारी अट ‘अनुचित करार’ या व्याख्येत येऊ शकते. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटी, अनामत परत न मिळणे यांसारख्या तक्रारींसाठी जिल्हा आयोग आहे आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीसाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

बिलात जीएसटी लावलेला असेल, तर पावतीवर पंधरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला हा कर ग्राहकाकडून घेता येत नाही. केवळ सेवा देणाऱ्या व्यवसायाची महाराष्ट्रातील वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर नोंदणी सहसा बंधनकारक नसते. त्यामुळे गल्लीतील छोट्या पाळणाघराने क्रमांकाशिवाय करापोटी पैसे मागितले, तर पालकाने क्रमांक विचारावा.

एक पर्याय अनेक पालकांच्या ध्यानातच नसतो. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आली आहे. कंपनीने स्वतः पाळणाघर न चालवता एखाद्या पाळणाघराशी करार केला असेल, तर शुल्काचा काही भाग कंपनी उचलते का, याची चौकशी मनुष्यबळ विभागाकडे करावी. तेथेही उशिराचे शुल्क बहुधा कर्मचाऱ्याच्याच खिशातून जाते.

लेखी काय घ्यावे?

करारनामा लांबलचक असण्याची गरज नाही. प्रवेशअर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर संचालकांच्या सहीने पुढील पाच वाक्ये लिहून घेतली, तरी पुरे.

१. भरलेली रक्कम नोंदणी शुल्क आहे की अनामत, ती एकदाच की दरवर्षी, मुलामागे की कुटुंबामागे.

२. भावंड-सवलत कोणत्या मुलाच्या, कोणत्या शुल्कावर आणि किती; मे महिन्याच्या वाढीव शुल्कावर ती लागू आहे का.

३. एका मुलाने सोडल्यास सवलत कोणत्या तारखेपासून बंद होईल आणि सोडण्याची सूचना किती दिवस आधी, कशी द्यायची.

४. उशिराची मोजणी किती वाजल्यापासून, किती मिनिटांच्या टप्प्याने, मुलामागे की कुटुंबामागे. वेळेची नोंद कोठे होईल.

५. रेल्वे बंद पडणे, अतिवृष्टी, शहर बंद अशा दिवशी उशिराचे शुल्क लागेल का.

पाचवे वाक्य मुंबई आणि परिसरातील पालकांनी विसरू नये. लोकल ठप्प झालेल्या संध्याकाळी उशीर होतो तो सर्वच पालकांना. मावशींनाही त्या दिवशी घरी जाता येत नाही. अशा दिवशी काय करायचे, हे जूनपूर्वीच ठरलेले असेल, तर पाण्यातून वाट काढत दारात पोहोचलेल्या पालकाची आणि मुलांना जेवू घालून बसवून ठेवलेल्या ताईची पहिली चर्चा पैशांवरून होत नाही.